बी-एएलएलचा रिपोर्ट कसा तयार होतो: ५४ क्रोमोसोम दिसले म्हणून लगेच 'चांगला ग्रुप' का लिहायचा नाही

हिमॅटोपॅथॉलॉजी लॅबमध्ये नवीन लागलेले टेक्निशियन आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट यांच्यासाठी हे लिहितोय. कुठल्या अँटीबॉडीचा काय अर्थ याची यादी लॅबच्या भिंतीवर लावलेली असतेच, ती परत इथे देत नाही. एकच केस घेऊ आणि नळी लॅबमध्ये आल्यापासून रिस्क ग्रुप ठरेपर्यंत तिच्या मागे जाऊ, वाटेत कुठे फसायला होतं तेही बघू. केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, कुणा खऱ्या पेशंटची नाही, पण असं चित्र खरोखर येतं आणि आलं की चांगले अनुभवी लोकसुद्धा क्षणभर गंडतात.

समजा सात वर्षांचा मुलगा आहे. महिनाभर ताप येतोय जातोय, पाय दुखतात म्हणतो, अंगावर निळे डाग. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट २२ हजार, पांढऱ्या पेशी ८,४०० आणि स्मिअरवर ब्लास्ट. मॅरो केला तर तो ब्लास्टनी भरलेला. वय एक ते दहाच्या मधलं आणि काउंट ५० हजाराच्या खाली, म्हणजे जगभर वापरतात त्या एनसीआयच्या निकषाने हा स्टँडर्ड रिस्क. नातेवाईकांना सुरुवातीला हेच सांगितलं जातं आणि त्यात चुकीचं काही नाही, फक्त ते अर्धंच असतं.

पहिलं काम: नळ्या बघा

मॅरोच्या निदान दोन नळ्या यायला हव्यात. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी फ्लोसाठी आणि पीसीआरसाठी, हिरव्या टोपणाची सोडियम हेपरिनची क्रोमोसोमसाठी. हा नियम उगाच नाही. कॅरिओटाइप करायला जिवंत आणि विभागणारी पेशी लागते, तिला कल्चरमध्ये वाढवायची असते, आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं त्यामुळे पेशींची तब्येत बिघडते. उलट हेपरिन पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं. म्हणून नळ्यांची अदलाबदल झाली तर दोन्हीकडे नुकसान. चुकून फक्त ईडीटीएची नळी आली तर सॅम्पल फेकू नका, पेशी लगेच मीडियममध्ये धुवून कल्चरला लावा, कधी कधी निघतं काहीतरी, पण सायटोजेनेटिक्सच्या रिपोर्टमध्ये तसं लिहा.

बर्फात ठेवून पाठवलेलं सॅम्पल हा दुसरा त्रास. दोन्ही नळ्या रूम टेंपरेचरलाच यायला हव्यात. फ्लोसाठी २४ तास उत्तम, ४८ तास चालतात, कल्चरला जितकं लवकर तितकं बरं. शनिवारी दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेलं सॅम्पल सोमवारी मुंबईत पोचतं आणि मग कॅरिओटाइप फेल गेला म्हणून सगळे लॅबकडे बघतात, तेव्हा नळी किती वाजता काढली ही वेळ फॉर्मवर लिहून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फ्लो: आधी घराणं ठरवा

फ्लोमध्ये आपण करतो काय, तर पेशींवर रंग चिकटवलेल्या अँटीबॉडी लावतो, लाल पेशी फोडून टाकतो आणि उरलेल्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून नेतो. प्रत्येक पेशीचा आकार, आतला दाणेदारपणा आणि तिच्यावर कुठला रंग किती चमकला एवढं मशीन लिहून ठेवतं. बाकी अर्थ लावणं आपल्याकडे.

एका ट्यूबला साधारण दहा लाख पेशी घ्या. पेशीच्या बाहेरच्या मार्करच्या अँटीबॉडी आधी, अंधारात पंधरा वीस मिनिटं. आतले मार्कर बघायचे असतील, म्हणजे एमपीओ, सायटोप्लाझमिक सीडी३, सीडी७९ए, टीडीटी, तर बाहेरचे लावून झाल्यावर पेशी फिक्स करायच्या, मग भोकं पाडायची आणि मग आतली अँटीबॉडी. हा क्रम उलटा केला तर बाहेरचे मार्कर फिके किंवा विचित्र दिसतात.

डेटा उघडल्यावर नवीन माणूस थेट ब्लास्टकडे धावतो. तसं करू नका. आधी चिकटून आलेल्या जोड्या म्हणजे डबलेट काढा, कचरा काढा, मग सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटरचा प्लॉट उघडा आणि त्यात नॉर्मल पेशी शोधा. लिंफोसाइट उजवीकडे खाली, सीडी४५ एकदम ब्राइट. न्यूट्रोफिल वर. ब्लास्ट सहसा मधे डावीकडे, सीडी४५ डिम आणि साइड स्कॅटर कमी. बी-एएलएलमध्ये सीडी४५ अगदी निगेटिव्हसुद्धा असू शकतो, अशा वेळी ब्लास्टचा ढग डाव्या कडेला, न फुटलेल्या लाल पेशींच्या आणि कचऱ्याच्या गर्दीत जाऊन बसतो आणि घाईत गेट लावणारा त्याला बाहेरच ठेवतो. म्हणून सीडी१९ विरुद्ध साइड स्कॅटर हा प्लॉटही बघायचाच.

नॉर्मल पेशी आधी का शोधायच्या, तर तोच आपला कंट्रोल. एमपीओ निगेटिव्ह म्हणायचंय ना, मग त्याच ट्यूबमधले न्यूट्रोफिल एमपीओ पॉझिटिव्ह दिसतायत का? नसतील तर ब्लास्ट निगेटिव्ह नाहीत, तुमची ट्यूब फसलीय. सायटोप्लाझमिक सीडी३ चं तसंच, त्याच सॅम्पलमधल्या नॉर्मल टी पेशींच्या चमकेशी तुलना करायची.

आपल्या मुलाच्या सॅम्पलमध्ये ७८ टक्के ब्लास्ट निघाले. सीडी१९ ठळक, सीडी१० ब्राइट, सीडी३४ पॉझिटिव्ह, आतला सीडी२२ आणि सीडी७९ए पॉझिटिव्ह, टीडीटी पॉझिटिव्ह. सायटोप्लाझमिक सीडी३ नाही, एमपीओ नाही. आणि सीडी३३ थोड्या पेशींवर फिका.

बी घराणं म्हणायला नियम असा की सीडी१९ ठळक असेल तर सोबत सीडी७९ए, आतला सीडी२२ किंवा सीडी१० यातला निदान एक हवा, सीडी१९ फिका असेल तर निदान दोन. इथे तिन्ही आहेत, प्रश्नच नाही. तो फिका सीडी३३ बघून 'मिक्स्ड फिनोटाइप' लिहायचा मोह आवरा. मायलॉइड घराणं सीडी१३ किंवा सीडी३३ वरून ठरत नाही, बी-एएलएलमध्ये ते बऱ्याचदा असतात. त्यासाठी एमपीओ लागतो, नाहीतर मोनोसाइटकडे वळल्याची खरी खूण. तरी सीडी३३ नोंदवून ठेवा, ब्लास्टचा हा चुकीचा वागणारा मार्कर पुढे एमआरडी, म्हणजे उपचारानंतर लपून उरलेल्या ब्लास्ट, शोधताना कामी येतो.

इथपर्यंत रिपोर्ट झाला: बी-एएलएल. बऱ्याच छोट्या लॅब इथे थांबतात. पण घराणं कळलं म्हणजे रिस्क कळली असं नाही. एकाच घराण्यात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड अशी दोन्ही पोरं असतात, आणि फरक क्रोमोसोममध्ये असतो.

फ्लोवरच डीएनए मोजा

ही पायरी सगळीकडे होत नाही, पण ज्या लॅबमध्ये होते तिथे सायटोजेनेटिक्सच्या कितीतरी दिवस आधी, त्याच संध्याकाळी इशारा मिळतो. पेशींना मार्करच्या अँटीबॉडी लावून झाल्यावर डीएनएला चिकटणारा रंग टाकायचा. पेशीत डीएनए जितका जास्त तितकी चमक जास्त. ब्लास्टचा पीक भागिले त्याच सॅम्पलमधल्या नॉर्मल टी पेशींचा पीक म्हणजे डीएनए इंडेक्स. ४६ क्रोमोसोमवाल्या ब्लास्टचा इंडेक्स १ येतो. १.१६ किंवा वर गेला की हायपरडिप्लॉइडी म्हणायची पद्धत जुनी आहे, साधारण ५३ क्रोमोसोम किंवा जास्त.

मशीन मंद गतीवर चालवा, स्केल लिनिअर ठेवा आणि पीक बारीक हवा. पीक रुंद पसरला तर १.०० आणि १.०८ मधला फरक कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्या मुलाच्या सीडी१९ पॉझिटिव्ह पेशींमध्ये दोन पीक आले. मोठा १.१२ वर, आणि डावीकडे एक छोटा, पण सुईसारखा उभा, ०.५६ वर. टी पेशी अर्थातच १.०० वर.

आता खरी गंमत इथून सुरू होते, कारण त्या छोट्या पीककडे बघून नव्वद टक्के नवीन मुलं म्हणतात, मरणाऱ्या पेशी असतील, त्यांचा डीएनए तुटतो म्हणून कमी दिसतो. शंका रास्त आहे. पण मरणाऱ्या पेशींचा ढिगारा पसरट असतो, १ च्या डावीकडे उतार धरून खाली घसरत जातो, आणि त्यांचे बाहेरचे मार्करही फिके किंवा सगळेच चिकट दिसतात. ०.५६ चा पीक अरुंद आहे, आणि त्या पेशींना बॅक-गेट केलं तर सीडी१९, सीडी१० सगळं मोठ्या पीकसारखंच नीट दिसतं. म्हणजे त्या जिवंत ब्लास्ट आहेत आणि त्यांच्यात नॉर्मलच्या जेमतेम निम्मा डीएनए आहे.

आणि ०.५६ ची दुप्पट किती? १.१२.

इथे तीन शक्यता तपासा. एक, १.१२ चा पीक म्हणजे ०.५६ वाल्या पेशींच्या चिकटलेल्या जोड्या. डीएनए सिग्नलच्या क्षेत्रफळ विरुद्ध रुंदीच्या प्लॉटवर डबलेट कडक काढून परत बघा, पीक गेला नाही. दोन, त्या ०.५६ वाल्याच पेशी आहेत पण विभागणीच्या तयारीत डीएनए दुप्पट केलेल्या. तसं असतं तर दुप्पट झालेल्या पेशी कमी असत्या आणि मूळ पीक मोठा असता, इथे बरोबर उलट आहे, शिवाय १.१२ वाल्यांचा स्वतःचा विभागणीचा छोटा पीक २.२४ वर दिसतोय. तीन, ०.५६ वाल्या क्लोनने एकदा आपले सगळे क्रोमोसोम दुप्पट केले आणि तो दुप्पट झालेला क्लोन वाढत गेला. हेच आहे. याला मास्क्ड हायपोडिप्लॉइडी म्हणतात, म्हणजे क्रोमोसोम कमी असलेला रक्ताचा कॅन्सर जास्त असल्याचं सोंग घेऊन बसलेला.

फ्लोच्या रिपोर्टमध्ये दोन्ही इंडेक्स लिहा आणि सायटोजेनेटिक्सवाल्यांना फोन करा. फोन खरंच करा, ते कुठल्या प्रोबकडे आधी बघतील हे त्यावर ठरतं.

कॅरिओटाइप: मोजणं पुरत नाही

हेपरिनच्या नळीतून पेशी कल्चरला लावतात, एक मिलीला दहा ते वीस लाख. काउंट भरपूर आहे म्हणून जास्त पेशी ओतल्या तर उलट मीडियम संपून विभागणी बंद पडते. बी-एएलएलला विभागणी चेतवणारं पीएचए घालायचं नाही, त्याने नॉर्मल टी पेशी वाढतात आणि तुम्ही पेशंटच्या निरोगी पेशींचा सुंदर कॅरिओटाइप करून बसता. साधारण २४ तासांनी कोल्सेमिड घालून पेशी मेटाफेजला अडवायच्या, मग पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल आणि असिटिक ॲसिडच्या तीनास एक मिश्रणात फिक्स करायच्या, स्लाइडवर थेंब सोडायचा, ट्रिप्सिन आणि गीम्साने पट्टे उठवायचे. वीस मेटाफेज बघायचे असा दंडक आहे.

एएलएलचे क्रोमोसोम मात्र दिसायला वाईट असतात. फुगलेले, आखूड, पट्टे धूसर. चांगले दिसणारे मेटाफेज बऱ्याचदा नॉर्मल पेशींचे असतात, म्हणून देखणे निवडून मोजत बसू नका, घाणेरडे पण बघा. क्लोन म्हणायला एकच जादा क्रोमोसोम किंवा एकच तुटजोड निदान दोन पेशींत दिसायला हवी, क्रोमोसोम गायब असेल तर निदान तीन पेशींत, कारण स्लाइड बनवताना एखादा क्रोमोसोम नुसता उडून जाऊ शकतो.

आपल्या मुलाचं उत्तर असं आलं:

```
54,XY,+X,+Y,+14,+14,+18,+18,+21,+21[6]/46,XY[14]
```

म्हणजे सहा पेशींत ५४ क्रोमोसोम, चौदा पेशी नॉर्मल. ०.५६ वाला छोटा क्लोन कल्चरमध्ये आलाच नाही. तो बऱ्याचदा येत नाही, म्हणूनच तर सोंग टिकतं.

आता कुणी फक्त आकडा बघितला तर? ५१ किंवा जास्त क्रोमोसोम म्हणजे हाय हायपरडिप्लॉइडी, मुलांच्या बी-एएलएलमधला चांगल्यातला चांगला प्रकार, वय चांगलं, काउंट चांगला, सगळं जुळतंय, रिपोर्ट सुटला. आणि मुलगा कमी औषधाच्या ग्रुपमध्ये गेला.

म्हणून कुठले क्रोमोसोम जादा आहेत ते वाचा. खऱ्या हायपरडिप्लॉइडीत ठराविक मंडळी जादा होतात, एक्स, ४, ६, १०, १४, १७, १८ आणि २१, आणि बहुतेक एकेकाने, म्हणजे दोनाचे तीन. फक्त २१ चे चार बऱ्याचदा असतात. वर मी दिलेले आठ प्रत्येकी एकाने वाढले तरी बेरीज ५४ च येते, बघा करून. आपल्या मुलात मात्र तीन कुठेच नाहीत. एक्स दोन, वाय दोन, १४ चार, १८ चार, २१ चार, आणि ४, ६, १०, १७ सकट बाकी सगळे दोन. सगळे आकडे सम. अर्धे करून बघा: एक्स एक, वाय एक, १४ दोन, १८ दोन, २१ दोन, बाकी एकेक, बेरीज २७. हा निअर-हॅप्लॉइड क्लोन, २४ ते ३१ च्या पट्ट्यातला, आणि त्यात १४, १८, २१ आणि सेक्स क्रोमोसोम हे जोडीने टिकून राहतात हेही ओळखीचंच आहे.

डीएनए इंडेक्स १.१७ ऐवजी १.१२ का आला तेही इथे कळतं. ५४ भागिले ४६ केलं तर १.१७ येतं, पण वाढलेल्यात वाय, १८, २१ असे छोटे क्रोमोसोम जास्त आहेत, ४ आणि ६ सारखे मोठे नाहीत, त्यामुळे संख्या तेवढीच असून डीएनए कमी भरतो. दोन रिपोर्टमधले आकडे असे न जुळणारे दिसले की कुणाचं चुकलं म्हणून भांडण्यापेक्षा ते का जुळत नाहीत हे आधी बघावं.

फिश: न विभागणाऱ्या पेशींकडून साक्ष

फिशला पेशी विभागायची गरज नाही. क्रोमोसोमच्या ठराविक तुकड्यावर चमकणारा प्रोब बसवायचा आणि अंधाऱ्या मायक्रोस्कोपखाली प्रत्येक केंद्रकात किती ठिपके ते मोजायचे, साधारण दोनशे केंद्रकं, दोन जणांनी शंभर शंभर.

बी-एएलएलच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये १२ आणि २१ चं ईटीव्ही६-रनएक्स१, ९ आणि २२ चं बीसीआर-एबीएल१, ११ वरच्या केएमटी२ए चा ब्रेक-अपार्ट, बऱ्याच ठिकाणी १ आणि १९ चं टीसीएफ३-पीबीएक्स१, आणि ४, १०, १७ चे सेंट्रोमिअर प्रोब असतात. १२;२१ ची अदलाबदल तर कॅरिओटाइपवर दिसतच नाही कारण बदललेले तुकडे रंगाला सारखेच दिसतात, म्हणून ती फिशवर किंवा पीसीआरवरच सापडते. बीसीआर-एबीएल१ चं उत्तर सगळ्यात आधी द्यायचं, कारण पॉझिटिव्ह आलं तर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब लगेच सुरू करायचं असतं, डॉक्टर त्या फोनची वाट बघत असतात.

आपल्या मुलात कुठलंच फ्यूजन नाही. पण ठिपके मोजले तर ४, १० आणि १७ ला बहुतेक केंद्रकांत दोन दोन आणि साधारण १८ टक्क्यांत एक एक. रनएक्स१ ला, म्हणजे २१ ला, साठ टक्क्यांत चार आणि बाकीच्यांत दोन. ईटीव्ही६, एबीएल१, केएमटी२ए सगळ्यांना पुन्हा अठरा टक्क्यांच्या आसपास एकच ठिपका.

इथे थांबून विचार करा. ४, १०, १७ ला दोन दोन ठिपके म्हणजे 'नॉर्मल' असं वाटतं, आणि दुप्पट झालेल्या क्लोनमध्ये ते तसंच दिसणार, नॉर्मल पेशीही दोनच दाखवणार. सोंग इथेही चालू आहे. खऱ्या हायपरडिप्लॉइडीत हे तीन प्रोब तीन तीन दाखवतात. मग २१ चे चार आहेत आणि ४, १०, १७ चे तीन कुणाचेच नाहीत, ही पहिली शंका. दुसरी, ते अठरा टक्के. एका ठिपक्याची केंद्रकं नॉर्मल माणसातही काही टक्के दिसतात, दोन ठिपके एकावर एक येतात म्हणून, प्रत्येक लॅबने आपली कट-ऑफ काढून ठेवलेली असते. पण वेगवेगळ्या प्रोबला सारख्याच प्रमाणात एकेक? प्रोब नीट बसला नसेल म्हणावं तर ईटीव्ही६ चा एकच ठिपका असलेल्या त्याच केंद्रकांत रनएक्स१ चे दोन व्यवस्थित दिसतायत, एकाच प्रोब-मिश्रणातले. म्हणजे प्रोब बसलाय, क्रोमोसोमच एक आहे. हाच तो २७ वाला क्लोन, कल्चरने न दाखवलेला.

अजून एक गल्लत टाळा. रनएक्स१ चे जास्त ठिपके बघून काही जण २१ चं ॲम्प्लिफिकेशन लिहून टाकतात. त्याला एका केंद्रकात पाच किंवा जास्त ठिपके लागतात आणि ते सहसा एका जागी घोळका करून असतात, कारण एकाच २१ वर साठलेले असतात. इथे चार आहेत आणि चौघे चार दिशांना.

पक्कं करायचं तर एसएनपी ॲरे. त्यात क्रोमोसोमची संख्या कळतेच, शिवाय दोन प्रती आईवडिलांकडून एकेक आलेल्या आहेत की एकाचीच झेरॉक्स आहे हेही कळतं. आपल्या मुलात ४, ६, १०, १७ वगैरेच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या निघतील. खऱ्या हायपरडिप्लॉइडीत असं सगळ्या दोन प्रतवाल्या क्रोमोसोमना होत नाही. ॲरे परवडत नसेल किंवा उपलब्ध नसेल तरी फ्लोचा ०.५६, कॅरिओटाइपचे सम आकडे आणि फिशचे अठरा टक्के, तिघं एकच गोष्ट सांगतायत, तेवढ्यावर लिहिता येतं.

रिस्क ग्रुप कोण आणि कधी ठरवतं

ग्रुप लॅब ठरवत नाही, ट्रीटमेंट करणारी टीम ठरवते, पण लॅबच्या एका ओळीवर. भारतात बऱ्याच मोठ्या सेंटरनी मिळून मुलांच्या एएलएलसाठी आयसीक्लेचा प्रोटोकॉल चालवला, मुंबईचं टाटा त्यात आहे, आणि त्यात स्टँडर्ड, इंटरमीडिएट आणि हाय असे तीन ग्रुप आहेत. वय आणि काउंट हे पहिल्या दिवशीचं. मग सात दिवस स्टेरॉइड दिल्यावर आठव्या दिवशी रक्तात हजार किंवा जास्त ब्लास्ट उरले का. मग जेनेटिक्स. मग इंडक्शनच्या शेवटी एमआरडी. मुद्दा हा की यातलं एक जरी वाईट निघालं तरी ग्रुप वर सरकतो, आणि चांगल्या वयाने वाईट क्रोमोसोम झाकले जात नाहीत.

आपला मुलगा वय आणि काउंटवर स्टँडर्ड होता, ५४ च्या वरवरच्या वाचनाने तर अजूनच चांगला झाला असता, आणि प्रत्यक्षात हायपोडिप्लॉइडी म्हणून हाय रिस्कमध्ये गेला. बीसीआर-एबीएल१ आणि केएमटी२ए ची तुटजोड हेही त्याच बाजूचे. एक फरक लक्षात ठेवा: ३२ ते ३९ क्रोमोसोमवाला लो हायपोडिप्लॉइड प्रकार निघाला तर टीपी५३ जन्मजात बिघडलेलं आहे का हे तपासायला सुचवावं लागतं, कारण मुलांमध्ये त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत तसं सापडतं आणि मग प्रश्न अख्ख्या कुटुंबाचा होतो. २४ ते ३१ वाल्यात तशी स्थिती नसते.

एमआरडी: निम्मं काम पहिल्याच दिवशी झालेलं असतं

इंडक्शनच्या शेवटी परत मॅरो येतो. मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट नाहीत, सगळं छान. फ्लोवर शोधायचं असतं ते दहा हजारात एक, म्हणजे ०.०१ टक्का, कारण वर-खाली करण्याची रेघ तिथे आहे.

साधं गणित करा. विश्वासाने मोजायला निदान पन्नास पेशींचा पुंजका लागतो. ०.०१ टक्क्यावर पन्नास पेशी मिळवायच्या तर पाच लाख पेशी चालवाव्या लागतात, आणि ती किमान मर्यादा झाली, पंधरा वीस लाख चालवल्या तर झोप लागते. दोन लाख चालवून 'एमआरडी निगेटिव्ह' लिहिलेले रिपोर्ट मी बघितलेत, त्यांचा अर्थ फक्त एवढाच की नीट शोधलं नाही.

पेशी भरपूर पण मॅरोच्या नव्हेतच, असंही होतं. सुईने पहिला ओढा मॉर्फॉलॉजीला जातो, दुसरा कुठे, तिसरा एमआरडीला, तोवर नुसतं रक्त येत असतं. पहिला ओढा एमआरडीला द्या असं वॉर्डला सांगा, आणि सॅम्पलमध्ये मास्ट सेल, लाल पेशींची पिल्लं दिसतायत का बघा. काहीच नसेल तर 'रक्तमिश्रित, निगेटिव्ह निकालावर विसंबू नये' असं लिहा, वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा घोटाळा हिमॅटोगोनचा. हे नॉर्मल बी पेशींचे पूर्वज, सीडी१९, सीडी१०, सीडी३४ सगळं ब्लास्टसारखंच. पण ते वयात येत जातात, सीडी१० कमी होतो, सीडी२० आणि सीडी४५ वाढतात, प्लॉटवर एक सलग वळणदार वाट दिसते. ब्लास्ट त्या वाटेवर चालत नाहीत, एका जागी ठिय्या देऊन बसतात, शिवाय त्यांचा सीडी३८ किंवा सीडी८१ नॉर्मलपेक्षा फिका, सीडी५८ किंवा सीडी७३ जास्त ठळक असं काहीतरी वाकडं असतं. कुठलं वाकडं आहे हे पहिल्या दिवशीच्या सॅम्पलवरून नोंदलेलं असेल तर शोधायला कुठे बघायचं ते माहीत असतं. आपल्या मुलात तो फिका सीडी३३ आणि कमी सीडी३८ होता. इंडक्शनच्या शेवटी स्टेरॉइडमुळे हिमॅटोगोन जवळजवळ नसतातच, त्यामुळे तेव्हा सोपं जातं, खरा त्रास पुढच्या सॅम्पलना होतो जेव्हा मॅरो परत फुलायला लागतो.

मुलाच्या सॅम्पलमध्ये १६ लाख पेशी चालवल्या, त्यात ९६० तशाच वाकड्या पेशी एका पुंजक्यात. ०.०६ टक्के. पॉझिटिव्ह. हाय रिस्क तो आधीच होता, पण पुढे काय द्यायचं, ट्रान्सप्लांटचा विचार करायचा का, या चर्चेत हा आकडा टेबलावर असतो, कारण हायपोडिप्लॉइड मुलांमध्येही एमआरडी साफ झालेल्यांचं नंतर बरं चालतं.

आता रिपोर्टची ओळ. 'हायपरडिप्लॉइडी, ५४ क्रोमोसोम' असं अर्धवट लिहून खाली बारीक अक्षरात टीप टाकू नका, रात्री दोनला रिपोर्ट उघडणारा रेसिडेंट टीप वाचत नाही. निष्कर्षाच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'निअर-हॅप्लॉइड क्लोन (२७ क्रोमोसोम) आणि त्याचा दुप्पट झालेला क्लोन (५४ क्रोमोसोम), हाय हायपरडिप्लॉइडी नाही.' त्याच्याखाली फ्लोचे दोन्ही डीएनए इंडेक्स, फिशमधली टक्केवारी, ॲरे पाठवलाय की नाही आणि पाठवला असेल तर तो कधी येईल ती तारीख.